किलो-ग्रॅमची बेरीज: वही खरी की मोबाईल?

"गुरुजी, मी बारावीत आहे. आमच्या वावरात कापूस वेचायला बाया येतात, त्यांच्या वजनाची वही माझ्याकडे असते. एका काकूंचं सहा दिवसांचं वजन असं आहे: १८ किलो ६५० ग्रॅम, २१ किलो ७० ग्रॅम, १६ किलो ९०० ग्रॅम, २३ किलो ४८० ग्रॅम, १९ किलो ५० ग्रॅम, २० किलो ८६० ग्रॅम. वहीत बेरीज केली तर १२० किलो १० ग्रॅम येते, मोबाईलवर केली तर 121.09 येते. बाबा म्हणतात मोबाईल काहून चुकंल? उद्या बाजार आहे, काकूंना पैसे कशावरून द्यायचे?" (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

तुझी वही बरोबर आहे, पोरी. पैसे १२० किलो १० ग्रॅमवरच दे. मोबाईलनेही चूक केलेली नाही, त्याला जे आकडे दिले त्यांची बेरीज त्याने बरोबरच केली. आकडे देताना घोटाळा झाला, आणि तो कुठे झाला हे तुझी वही न बघताही सांगता येतं. तू २१ किलो ७० ग्रॅमला `21.70` दाबलंस आणि १९ किलो ५० ग्रॅमला `19.50`. बाकीचे चार आकडे ठीक होते.

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. घरची चार एकर पऱ्हाटीही आहे, त्यामुळे हा हिशोब फळ्यावर शिकवला आणि धुऱ्यावर बसून केलाही. चूक तीच, दरवर्षी. म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी तुझी वहीतली बेरीज मी पुन्हा मांडतो. फक्त ग्रॅमच्या घरात प्रत्येक ठिकाणी तीन आकडे लिहितो. ७० ला ०७०, ५० ला ०५०.

किलो | ग्रॅम
१८ | ६५०
२१ | ०७०
१६ | ९००
२३ | ४८०
१९ | ०५०
२० | ८६०

बेरीज नेहमी ग्रॅमकडून सुरू करायची. साडेसहाशे आणि सत्तर, सातशे वीस. त्यात नऊशे, सोळाशे वीस. त्यात चारशे ऐंशी, एकवीसशे. पन्नास मिळवले, एकवीसशे पन्नास. शेवटचे आठशे साठ मिळवले की तीन हजार दहा. आता हे तीन हजार दहा ग्रॅम ग्रॅमच्या घरात राहू शकत नाहीत, कारण तिथे ९९९ च्या वर जागा नाही. हजार ग्रॅम झाले की एक किलो भरला, तो शेजारच्या घरात जातो. तीन हजारांचे तीन किलो गेले, मागे दहा ग्रॅम राहिले. ते लिहायचे ०१०. किलोची बेरीज ११७, हातचे ३, झाले १२०. उत्तर १२० किलो ०१० ग्रॅम.

इथे पोरांची पहिली गाडी अडते ती हातच्यावर. दोन वजनांची बेरीज असेल तर हातचा एकच येऊ शकतो, आणि शाळेत बहुतेक गणितं दोन वजनांचीच असतात. मग "हातचा एक" हे तोंडात बसून जातं. सहा वजनांत हातचे पाचपर्यंत जाऊ शकतात, कारण प्रत्येक ओळीत फार तर ९९९ ग्रॅम असणार आणि सहा वेळा ९९९ म्हणजे ५९९४. म्हणून एक साधा अंदाज ठेव: ओळी जितक्या, त्यापेक्षा हातचे निदान एकाने कमी. सहा ओळींत हातचे सहा आले तर कुठेतरी चुकलं. आणि तीन हजार दहामधून "एक हातचा" घेऊन पुढे गेलीस तर मागे २०१० ग्रॅम उरतात. ग्रॅमच्या घरात चार आकडे दिसले की समज, काम अर्धं राहिलं आहे.

बेरीज नेमकी हजार आली तरी पोरं अडखळतात. समज, याच काकूंची बहीण त्याच आठवड्यात ९६ किलो ९९० ग्रॅम वेचते. दोघींची बेरीज: ग्रॅम दहा आणि नऊशे नव्वद, बरोबर हजार. मग हजार तिथेच लिहून ठेवायचे नाहीत. एक हातचा, ग्रॅमच्या घरात ०००. किलो १२०, ९६ आणि १, झाले २१७. घर रिकामं सोडू नकोस, तीन शून्यं लिही. रिकामं घर बघून पुढच्या आठवड्यात तुलाच कळणार नाही की ग्रॅम नव्हते की लिहायचे राहिले.

आता मोबाईलकडे येतो.

टिंबाच्या उजवीकडची पहिली जागा शंभर ग्रॅमची आहे, दुसरी दहा ग्रॅमची, तिसरी एका ग्रॅमची. `21.70` म्हणजे सात वेळा शंभर, म्हणजे २१ किलो ७०० ग्रॅम. सत्तर ग्रॅममध्ये शंभर एकही नाही, म्हणून पहिल्या जागेवर शून्य हवं: `21.070`. शेवटचं शून्य गाळलंस तरी चालेल, `21.07` म्हणजेही तेच. मधलं शून्य गाळलंस की काकूंच्या कापसात ६३० ग्रॅम वाढले. तसंच `19.50` ने ४५० ग्रॅम वाढले. दोन्ही मिळून १ किलो ८० ग्रॅम, आणि तुझ्या दोन उत्तरांतला फरक नेमका तेवढाच आहे. १२१.०९ मधून १२०.०१ वजा करून बघ.

ही सवय आपल्याला रुपयांनी लावली आहे. २१ रुपये ७० पैसे आपण `21.70` लिहितो आणि ते बरोबर असतं, कारण रुपयात पैसे शंभर. १९५७ च्या १ एप्रिलपासून आपल्याकडे शंभर पैशांचा रुपया झाला, आता दोन-तीन पिढ्यांच्या हाताला तेच वळण आहे. किलोत ग्रॅम हजार, म्हणून टिंबानंतर जागा तीन. माझे वडील शेर-मणात हिशोब करायचे, १६ छटाकांचा शेर आणि ४० शेरांचा मण. ते म्हणायचे, "तुमचं आता सोपं हाय, दहाच्या पाढ्यातलं." सोपं खरंच आहे, पण त्यांच्या काळी छटाक आणि आणे दोन्ही सोळाचे. रुपयाला सोळा आणे, शेराला सोळा छटाक. पैशाचा हात वजनाला चालून जायचा. आपला चालत नाही.

काटाही यात भर घालतो. तुमच्याकडे झाडाला किंवा तिवईला अडकवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा असेल, बहुतेकांकडे तोच असतो. त्यातल्या बऱ्याच काट्यांवर टिंबानंतर दोनच आकडे दिसतात, कारण तो काटा दहा-दहा ग्रॅमनेच सरकतो. तिथे `19.05` दिसलं तर ते १९ किलो ५० ग्रॅम. मोठ्याने वाचणारा म्हणतो "एकोणीस पॉइंट पाच" आणि लिहिणारा लिहितो १९ किलो ५०० किंवा १९ किलो ५. एका आकड्याचे तीन अर्थ झाले. काटा वाचणाऱ्याला सांगून ठेव की टिंबानंतरचं एकेक अक्षर सुटं म्हणायचं, "एकोणीस, शून्य पाच". आणि लिहिताना तू शेवटी एक शून्य लावून तीन आकडे पूर्ण करायचे: ०५०. जमिनीवर ठेवायच्या मोठ्या काट्यावर तीन आकडे दिसत असतील तर ते जसेच्या तसे उतरव.

बायांच्या तोंडी हिशोब येतो तो वेगळ्याच चालीचा. "मह्यं सव्वाएकवीस झालं ना वो?" असं काकू म्हणतील. सव्वाएकवीस म्हणजे २१ किलो २५० ग्रॅम, मोबाईलवर `21.25`. पण ते `21.25` वहीच्या दोन घरांत उतरवताना मी भल्याभल्यांना २१ किलो २५ ग्रॅम लिहिताना पाहिलं आहे. पाव २५०, अर्धा ५००, पाऊण ७५०, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पावणेएकवीस म्हणजे वीस आणि पाऊण, २० किलो ७५०, हेही तिथेच लिही, कारण तुझ्या वयाच्या पोरापोरींना पावणे म्हटलं की कुठल्या किलोच्या आधी की नंतर हे चटकन येत नाही.

मोबाईल सोडून दे असं मी म्हणणार नाही. नऊ-दहा बायांचा आठवडा हाताने जोडायचा म्हणजे रात्र जाते. पण टिंब वापरूच नकोस. सगळं वजन ग्रॅममध्ये दाब. किलो लिही आणि त्याला चिकटून ग्रॅमचे तीन आकडे:

```
18650+21070+16900+23480+19050+20860
```

उत्तर येईल `120010`. उजवीकडचे तीन आकडे ग्रॅम, डावीकडे राहिलं ते किलो. मोबाईल आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देत असेल तर `1,20,010` दिसेल, आणि शेवटचा स्वल्पविराम नेमका किलो आणि ग्रॅमच्या मधोमध पडतो. हातचा वेगळा धरायचं कामच राहत नाही, कारण हजार ग्रॅम झाले की ते आपोआप हजाराच्या जागेवर, म्हणजे तुझ्या किलोत जाऊन बसतात. एकच अट: ०७० मधलं पहिलं शून्य सुटता कामा नये. `2170` दाबलंस तर २ किलो १७० ग्रॅम होतील. पण ही चूक लपत नाही, उत्तर एकदम एकोणीस किलोंनी खाली येतं आणि डोळ्यात भरतं. टिंबाची चूक एखाद्या किलोची असते, ती खपून जाते. मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नुसते किलो धरले तर ११७, प्रत्येक ओळीत एकेक किलो वाढवला तर १२३, आणि तुझं 121.09 त्यांच्या मधेच आहे, म्हणजे ठोकळ अंदाजाने ते पकडलं गेलंच नसतं.

म्हणून पडताळा असा हवा जो ग्रॅमपर्यंत जातो. मी करतो तो सांगतो. प्रत्येक वजन जवळच्या पूर्ण किलोला न्यायचं आणि किती कमी-जास्त झालं ते बाजूला लिहायचं. १८ किलो ६५० म्हणजे १९ ला ३५० कमी. २१ किलो ०७० म्हणजे २१ वर ७० जास्त. १६ किलो ९०० म्हणजे १७ ला १०० कमी. २३ किलो ४८० म्हणजे २३ वर ४८० जास्त. १९ किलो ०५० म्हणजे १९ वर ५० जास्त. २० किलो ८६० म्हणजे २१ ला १४० कमी. पूर्ण किलो जोड: १९, २१, १७, २३, १९, २१, झाले १२०. जास्तीचे ७०, ४८० आणि ५०, झाले ६००. कमीचे ३५०, १०० आणि १४०, झाले ५९०. सहाशेतून पाचशे नव्वद गेले, दहा ग्रॅम जास्त. १२० किलो १० ग्रॅम. ही वाट पहिल्या वाटेहून इतकी वेगळी आहे की एकच चूक दोन्हीकडे होणं अवघड. वरून खाली जोडलेलं पुन्हा वरून खाली जोडून "पडताळा झाला" म्हणू नकोस, डोळा त्याच खड्ड्यात पुन्हा पडतो.

दोन उत्तरं जुळली नाहीत तर फरकाला आधी नऊने भागून बघ. जुने मुनीम हे करायचे. तुझा फरक १०८० ग्रॅम, नऊने भागले तर १२०. आणि १२० म्हणजे ७० आणि ५० ची बेरीज! हा योगायोग नाही. ७० चे ७०० झाले म्हणजे ते दहापट झाले, मूळचे सत्तर वजा केले की नऊपट जास्तीचे उरतात. पन्नासाचंही तसंच. त्यामुळे टिंबानंतरचं शून्य सुटलं की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो, आणि भागाकारातून कोणती ओळ चुकली याचा माग लागतो. आकड्यांची अदलाबदल झाली, समज ४८० चे ८४० लिहिले, तरीही फरक नवाच्या पटीतच येतो, ३६०. म्हणून नऊने भाग गेला की आधी शंभरच्या आतले ग्रॅम तपास, मग उलटसुलट झालेले आकडे बघ. भाग गेला नाही तर बहुधा एखादी ओळ सुटली असेल किंवा दोनदा धरली असेल, नाहीतर बेरजेतच चूक असेल.

तू विचारलं नाहीस, पण वेचणीची वही म्हटली की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही ठिकाणी रोजच्या रोज ग्रॅम सोडून देतात. "अठरा किलो साडेसहाशे? लिही अठरा." मीही लहानपणी एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरात आईबरोबर वेचायला जायचो, तिथे हेच चालायचं. आई बोलत नसे, पण घरी आली की चुलीपुढे बसून बोटांवर मोजायची. तुझ्या काकूंचं बघ: ग्रॅम रोज सोडले तर १८, २१, १६, २३, १९, २० म्हणजे ११७ किलो. आठवड्यात तीन किलो दहा ग्रॅम गेले. तुमच्याकडे वेचाईचा दर किती आहे ते मला माहीत नाही, समज किलोला दहा रुपये धरले तर एका बाईचे तीस रुपये, आणि दहा बाया असतील तर आठवड्याचे तीनशेच्या आसपास. कुणाच्या मनात काही वाईट नसतं, लिहायचा कंटाळा असतो. सोडायचेच असतील तर सहा दिवसांची बेरीज झाल्यावर शेवटी एकदाच सोडा. तुझ्या हिशोबात तसे फक्त दहा ग्रॅम सुटतात, त्यावर कुणी भांडणार नाही. तेही काकूंना सांगून.

जवळच्या पूर्ण किलोला रोज न्यायचं हीही पद्धत मी पाहिली आहे, आणि ती सोडून देण्यापेक्षा बरी. कधी काकूंचं जातं, कधी मालकाचं. या आठवड्यात तर वर दाखवल्याप्रमाणे बेरीज १२० च येते. पण दर आठवड्याला इतकं जुळेल असं नाही, आणि रात्री साडेआठ वाजता दिव्याखाली ४८० जवळचे की लांबचे यावर वाद घालण्यापेक्षा तीन आकडे लिहून टाकणं सोपं.

आणखी एक जागा आहे जिथे हातचा बदलतो. वेचणी संपून माल विकायला काढला की बाबा क्विंटलमध्ये बोलतील. १०० किलोचा क्विंटल. म्हणजे ग्रॅमच्या घरातून किलोत जाताना हातचा हजारावर, आणि किलोतून क्विंटलमध्ये जाताना शंभरावर. दोघी बहिणींचे २१७ किलो ००० ग्रॅम म्हणजे २ क्विंटल १७ किलो ००० ग्रॅम. तीन घरं आखलीस तर प्रत्येक घराच्या डोक्यावर त्याची हद्द बारीक अक्षरात लिही: ग्रॅमवर ९९९, किलोवर ९९. त्यापुढे गेलं की हातचा. आणि ही तीन घरं फक्त विक्रीच्या पानावर ठेव. वेचाईचा दर किलोवर असतो, म्हणून बायांच्या पानावर क्विंटल आणू नकोस, नाहीतर पैसे काढताना पुन्हा किलोत मोडत बसावं लागेल.

पैशाचा हिशोब थोडक्यात. दहा रुपये दराने १२० किलोचे १२०० रुपये, आणि १० ग्रॅमचे दहा पैसे. मोबाईलच्या चुकीच्या उत्तरावर १२१० रुपये ९० पैसे झाले असते. इथे ९० पैसे दोन आकड्यांतच लिहायचे, तिसरं शून्य नाही. एकाच पानावर वजन आणि पैसे असतील तर ते शेजारी-शेजारी लिहू नकोस, मधे एक कोरं घर ठेव. माझ्या एका वहीत मी ०५० ग्रॅम पैशाच्या घरात सरकवले होते, आणि ते कळायला दिवाळी उलटली.

आता मागची पानं. सीतादही होऊन वेचणी सुरू झाल्यापासून किती आठवडे झाले असतील, तेवढे सगळे पुन्हा जोडत बसू नकोस. फक्त ज्या ओळींत ग्रॅम शंभरच्या आत आहेत त्या शोध आणि त्यांच्यासमोर पेन्सिलने फुली कर. त्या आठवड्याची बेरीज वहीत केली होती की मोबाईलवर, हे आठवत असेल तर उत्तमच. नसेल आठवत, तर फुलीच्या ओळींतले ग्रॅम जोड, त्याला नऊने गुण, आणि लिहिलेल्या बेरजेतून तेवढं वजा कर. मग खरी बेरीज ग्रॅममध्ये एकदा दाबून बघ. ती या वजा केलेल्या आकड्याशी जुळली तर त्या आठवड्यात तेवढं जास्त दिलं गेलं. लिहिलेल्या आकड्याशी जुळली तर तो आठवडा ठीक आहे, फुली खोडून टाक. जास्त गेलेल्या किलोचं काय करायचं ते बाबांनी आणि काकूंनी ठरवायचं. उद्या बाजाराला जायच्या आधी या आठवड्याचं पान मात्र काकूंसमोर एकदा मोठ्याने वाच, ग्रॅमच्या तिन्ही आकड्यांसकट.